गॅपनंतरचे चार दिवस: आयलंड रिव्हर्सल कसं ओळखायचं

प्रश्न (निपाणीहून): माझ्याकडे साखर कारखान्याचा एक शेअर आहे, दोन महिन्यांत दीडपट झालाय. काल मोठी गॅप देऊन वर उघडला. मित्र म्हणतो ही एक्झॉशन गॅप आहे, आता आयलंड होणार, विकून मोकळा हो. हे आधीच ओळखता येतं का? आणि आयलंड झालंच तर तेजी संपली असं धरायचं का?

उत्तर:

आधीच ओळखता येत नाही. गॅप पडते त्या संध्याकाळी फक्त संशय घेता येतो. तो खरा की खोटा हे पुढच्या तीन-चार दिवसांत कळतं, आणि आयलंड, म्हणजे दोन उलट गॅपांमध्ये चार्टवर सुटं पडलेलं भावाचं बेट, झालं असं तर उलट दिशेची दुसरी गॅप पडेपर्यंत म्हणताच येत नाही. तुमचे मित्र कदाचित बरोबर ठरतीलही, पण काल त्यांना ते माहीत असणं शक्य नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे. आयलंड झालं की शेवटची जोरदार उडी संपली असं मी धरतो. सगळी तेजी संपली असं लगेच धरत नाही. या दोन गोष्टींत पैशांचा बराच फरक पडतो.

पहिल्यांदा गॅप मोजायची कशी ते बघू, कारण बेळगावात मला भेटणारे निम्मे लोक इथेच चुकतात. कालचा बंद भाव ३१५ आणि आजचा ओपन ३२०, म्हणजे पाच रुपयांची गॅप, असं ते म्हणतात. चार्टवर गॅप म्हणजे रिकामी जागा, जिथे एकही सौदा झालेला नाही. त्यासाठी कालचा हाय आणि आजचा लो बघावा लागतो. काल शेअर ३१८ पर्यंत जाऊन आला असेल आणि आज दिवसभरात एकदा जरी ३१७ ला टेकला असेल, तर सकाळी तो कितीही उंच उघडलेला असो, दिवसाच्या चार्टवर गॅप उरली नाही. म्हणून गॅप आहे की नाही हे साडेतीननंतरच ठरतं. तुम्ही "उघडला" एवढंच लिहिलंय. कालचा लो परवाच्या हायच्या वर राहिला का, ते आधी तपासा.

आता एक्झॉशन, म्हणजे दमछाक. माझे वडील बेळगावच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायचो, बटाट्याचे सौदे बघायचो. माल कमी येतोय अशी बातमी चार-पाच सौदे टिकली की भाव रोज थोडा थोडा चढायचा. मग एखाद्या सकाळी पहिली बोलीच कालच्या सगळ्यात वरच्या भावाच्या वर लागायची. त्या दिवशी यार्डात नुसती झुंबड. इतके दिवस "उतरेल, थांबू" म्हणत बसलेले गावोगावचे व्यापारी, सगळे एकाच दिवशी घ्यायला यायचे. वडील एका गोष्टीवर लक्ष ठेवायचे. ही मंडळी माल भरून गेल्यावर उद्या घेणारा कोण उरतो? कधी कधी खरंच कोणी उरायचं नाही. तीन-चार सौदे भाव तिथेच घुटमळायचा, मोठमोठ्या आवाजात बोली लागायची पण पोती हलायची नाहीत. आणि मग आग्रा-इंदूरचे ट्रक लागले की सकाळची पहिली बोलीच खाली. मधल्या भावाला कुणालाच विकता यायचं नाही, कारण त्या भावाला बोलीच झालेली नसायची.

शेअरमध्ये हेच होतं, फक्त घेणाऱ्यांत आणखी एक जात असते. ज्यांनी मंदी धरून शॉर्ट केलं होतं, म्हणजे हातात नसलेला माल आधीच विकला होता, आणि तेजीत पोळले, तेही शेवटी वाट्टेल त्या भावाला माल उचलून सुटका करून घेतात. थांबलेले खरेदीदार आणि पळणारे मंदीवाले, दोघेही एकाच सकाळी ९ ते ९:०८ च्या प्री-ओपनमध्ये ऑर्डरी टाकतात, म्हणून ९:१५ ला भाव कालच्या हायवरून उडी मारून उघडतो. ही खरेदी खरीच असते, लबाडी काही नसते. पण ती उद्याची खरेदी आज करून टाकते, आणि उद्यासाठी काही शिल्लक ठेवत नाही.

आता एक केस पूर्ण सांगतो. मी स्वतः त्यात होतो. शेअर साखरेचाच, आपल्याच भागातल्यासारख्या ऊसपट्ट्यातला. नाव सांगत नाही आणि हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल केलेत.

शेअर २०४ वरून निघून हळूहळू २६० च्या आसपास आला आणि तिथे दोन आठवडे २५६ ते २६४ मध्ये बसला. मग २६४ च्या वर छोटी गॅप देऊन सुटला. बैठकीतून सुटताना पडते ती ही ब्रेकअवे गॅप. ती भरली नाही. मध्ये २८८ ते २९२ अशी दुसरी गॅप पडली, तीही भरली नाही. धावत्या तेजीच्या मधोमध पडणारी ही रनअवे. नऊ-दहा दिवसांत भाव ३१८ चा हाय लावून ३१५ ला बंद झाला. एवढ्यात इथेनॉलच्या दराची चर्चा सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी शेअर ३३४ ला उघडला, ३४६ पर्यंत गेला, ३२८ पर्यंत खाली आला आणि ३३१ ला बंद झाला. आदल्या दिवशीचा हाय ३१८, या दिवसाचा लो ३२८. मध्ये दहा रुपयांची रिकामी जागा. महिन्याभराचा रोजचा सरासरी व्हॉल्यूम ६ लाख शेअर्स होता, या दिवशी ३१ लाख झाला.

त्या दिवशी बाजार बंद होत आला तेव्हा माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. ही आणखी एक रनअवे असेल तर ३१ लाखांचा व्हॉल्यूम म्हणजे नवे मोठे खरेदीदार आले आणि भाव अजून बराच जाणार. एक्झॉशन असेल तर हाच ३१ लाखांचा व्हॉल्यूम म्हणजे शेवटची झुंबड. व्हॉल्यूम दोन्हीकडे मोठाच असतो, म्हणून एकट्या त्याच्यावरून काही ठरवू नका. मला दोन गोष्टी खटकल्या. ही त्या धावेतली तिसरी गॅप होती आणि आधीच्या दोन्हींपेक्षा मोठी होती. आणि दिवसाची रेंज ३२८ ते ३४६ अशी अठरा रुपयांची असताना बंद भाव तळापासून फक्त तीन रुपये वर होता. म्हणजे सकाळी ज्यांनी धावत जाऊन घेतलं त्यांना दिवसभर कोणीतरी शांतपणे माल देत होतं. खऱ्या रनअवेच्या दिवशी बंद भाव बहुतेक वेळा वरच्या अंगाला असतो. माझ्याकडे २३१ च्या भावाचे ६०० शेअर्स होते. त्यातले २०० मी बाजार बंद व्हायच्या आधी ३३१ ला विकले. फक्त संशय होता, म्हणून एक तृतीयांशच.

त्यानंतरच्या तीन दिवसांनी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ३२९ ते ३४०, व्हॉल्यूम १७ लाख. तिसऱ्या दिवशी ३३० ते ३४१, व्हॉल्यूम ११ लाख. चौथ्या दिवशी ३२९ ते ३३७, व्हॉल्यूम ९ लाख. शेअर पडत नव्हता, म्हणून गल्लीतले सगळे खुशीत होते, "बेस करतोय" म्हणत होते. पण नऊ-दहा दिवसांत साठ रुपये पळालेला शेअर इतक्या मोठ्या गॅपनंतर तीन दिवसांत ३४६ ला परत हातही लावू शकत नव्हता, आणि व्हॉल्यूम रोज आटत होता. धावत्या गॅपनंतर भाव सहसा असा अडखळत नाही. दोन-तीन दिवसांत गॅपच्या दिवशीचा हाय बंद भावाने ओलांडला नाही, की माझा संशय निम्म्याच्या वर जातो.

पाचव्या दिवशी सकाळी शेअर ३१९ ला उघडला. बातमी मोठी नव्हती. आदल्या संध्याकाळी आलेले तिमाही आकडे बरे होते, पण लोकांनी मनात धरले होते तेवढे चांगले नव्हते. मी लगेच विकलं नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं प्री-ओपनच्या अडकलेल्या ऑर्डरी निघत असतात आणि भाव दोन्हीकडे हेलकावतो. मला एवढंच बघायचं होतं की तो परत ३२८ च्या वर जातो का, कारण ३२८ हा त्या चार दिवसांचा सगळ्यात खालचा भाव होता. पावणेदहापर्यंत तो ३२३ ला जाऊन परत फिरला. तेव्हा मी उरलेले ४०० शेअर्स ३१७ ला विकले. दिवसाचा हाय ३२३ च राहिला, लो ३०६, बंद ३०८, व्हॉल्यूम २४ लाख.

आता कागदावर मांडून बघा. डाव्या बाजूला ३१८ ते ३२८ रिकामं. उजव्या बाजूला ३२३ ते ३२८ रिकामं. मध्ये चार दिवसांचे सगळे सौदे ३२८ ते ३४६ मध्ये. दोन्हीकडून पाणी, मध्ये बेट, म्हणून आयलंड. दोन गॅप अगदी सारख्या रुंदीच्या असायची गरज नसते, पण त्यांचा काही भाग एकाच भावपट्ट्यात यावा लागतो. इथे ३२३ ते ३२८ हा पट्टा दोन्हीकडे रिकामा आहे. डावी गॅप ३१८ ते ३२८ आणि उजवी ३०० ते ३१० असती, तर उजव्या गॅपच्या आधी भाव ३१८ च्या खाली येऊन व्यवहार झालेले असते. बेट तिथेच किनाऱ्याला जोडलं गेलं असतं. त्याला आयलंड म्हणू नका. बरेच जण म्हणतात आणि मग आयलंडला नावं ठेवतात.

हे चिन्ह इतकं जोरदार का, हे त्या चार दिवसांच्या व्हॉल्यूममध्ये आहे. ३१, १७, ११ आणि ९ मिळून ६८ लाख शेअर्सची देवाणघेवाण ३२८ च्या वर झाली. त्यातला बराच भाग त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांचा, तो सोडून द्या. एनएसई रोज संध्याकाळी डिलिव्हरीचा आकडा देते, त्याची बेरीज मी केली तेव्हा २६ लाखांच्या आसपास आली. म्हणजे नेहमीच्या चार दिवसांच्या एकूण व्हॉल्यूमपेक्षा जास्त शेअर्स अशा लोकांच्या खात्यात गेले, ज्यांतला एक जणही पाचव्या दिवशी सकाळी नफ्यात नव्हता. भाव हळूहळू उतरला असता तर त्यातल्या काहींना ३२७ ला, काहींना ३२५ ला बाहेर पडता आलं असतं. गॅपने ती वाटच ठेवली नाही. हे सगळे आता एकाच इच्छेने बसलेत: "माझ्या भावाला आला की विकतो." त्यामुळे भाव परत वर आला की त्या रिकाम्या पट्ट्याजवळ त्याला विक्रीची भिंत लागते.

माझ्या केसमध्ये दोन दिवसांनी तसंच झालं. शेअर उसळून ३२२ पर्यंत आला आणि ३१४ ला बंद झाला. ज्यांनी पाचव्या दिवशी विकलं नव्हतं त्यांना बाहेर पडायला ही चांगली दुसरी संधी होती. हा परतीचा फेरा प्रत्येक आयलंडनंतर येतोच असं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर पहिली विक्री लांबवू नका. पण आला आणि ३२८ च्या वर बंद न होता फिरला, तर शंका फारशी उरत नाही. उलट, भाव ३२८ च्या वर बंद झाला असता तर माझं वाचन चुकलं असं मी मान्य केलं असतं. बेट परत किनाऱ्याला लागलं की ते चिन्ह संपलं.

इथे एका ओळखीच्यांची गोष्ट सांगतो. खडेबाजारात त्यांचं दुकान आहे, याच शेअरचे ३०० नग त्यांच्याकडे होते. त्यांनी मात्र शहाणपणाने स्टॉपलॉस लावला होता. ट्रिगर ३२७, लिमिट ३२५. पाचव्या दिवशी दुपारी ते निश्चिंत होते, "माझे सुटले असतील" म्हणाले. साडेतीनला मोबाइल उघडला तर ऑर्डर तशीच पेंडिंग. शेअर ३१९ ला उघडला तेव्हा ट्रिगर लागला, पण विक्रीची ऑर्डर ३२५ च्या लिमिटने बाजारात गेली आणि दिवसभर ३२५ आलाच नाही. ऑर्डर एका दिवसाची होती, ती संध्याकाळी रद्द झाली, आणि शेअर ३०८ वर हातात राहिला. गॅपमध्ये लिमिटवाला स्टॉपलॉस असा निकामी होतो. ट्रिगर आणि लिमिटमध्ये भरपूर अंतर ठेवावं, किंवा ज्या शेअरमध्ये अशी शंका आहे तिथे सव्वानऊला स्वतः स्क्रीनसमोर असावं. प्री-ओपनमध्ये स्टॉपलॉस ऑर्डर चालत नाही, तिथे साधी लिमिट किंवा मार्केट ऑर्डरच द्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो शेअर पुढच्या तीन आठवड्यांत २६६ पर्यंत आला. म्हणजे ज्या २५६–२६४ च्या बैठकीतून शेवटची धाव निघाली होती, जवळजवळ तिथेच. तिथे तो थांबला, दोन-तीन महिने २६० ते २८५ मध्ये फिरला, आणि पुढच्या वर्षी ३४६ च्याही वर गेला. मूळ २०४ पर्यंत तो परत कधीच आला नाही. जुन्या चार्टवाल्यांनी हे फार पूर्वी नोंदवून ठेवलंय आणि माझा अनुभवही तोच आहे. आयलंड एकटं पाहिलं तर ते फक्त त्याच्या आधीची शेवटची उडी पुसून टाकतं. मोठी तेजी संपायला त्याच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं. उदाहरणार्थ तेच आयलंड एखाद्या मोठ्या डबल टॉपच्या दुसऱ्या टोकावर किंवा हेड अँड शोल्डर्सच्या डोक्यावर बसलेलं असणं, किंवा २५६ सारखी बैठकच पुढे मोडणं. म्हणून मी विकताना "शेअर संपला" असं म्हणत नाही. २६४ च्या आसपास तो काय करतो ते बघायचं, हे विकतानाच ठरवलेलं असतं.

या हिशोबाने धोका आणि फायदाही मोजता येतो. ३१७ ला विकलं तेव्हा चूक ठरायची खूण ३२८ वर, म्हणजे अकरा रुपये लांब; बरोबर ठरलं तर उतार २६४ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न रुपये. पण हातात शेअर नसताना कॅशमध्ये शॉर्ट करून रात्र काढता येत नाही, डिलिव्हरी दिली नाही तर माल लिलावात जातो. शेअर फ्युचर्समध्ये असेल तरच ती वाट, आणि तिथेही स्टॉपलॉसवरून गॅप पडू शकते. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी आयलंड हे हातातला माल काढायचं चिन्ह आहे, मंदी खेळायचं नव्हे.

गॅप आणि उलट पडझड दिसली की आयलंड म्हणायची घाई किती महागात पडते, त्याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण म्हणजे जून २०२४. ३१ मे ला निफ्टी २२,५३०.७० ला बंद झाला. शनिवारी एक्झिट पोल आले आणि सोमवारी ३ जूनला तो तब्बल आठशे अंक वर उघडून २३,२६३.९० ला बंद झाला. दिवसाच्या चार्टवर चारशेच्या आसपास अंकांची खरी गॅप. ४ जूनला निकाल लागत गेले तसा निफ्टी कोसळला, २१,२८१ पर्यंत जाऊन २१,८८४.५० ला बंद झाला. त्या रात्री टिळकवाडीतल्या आमच्या बैठकीत तीन जण "एक दिवसाचं आयलंड" म्हणत होते. पण ४ जूनचा ओपन २३,१७९ च्या आसपास होता आणि ३ जूनचा लो त्याच्या खाली, सुमारे २३,०६० वर. म्हणजे उजवीकडे गॅपच नव्हती. भाव ३ जूनच्या रेंजमध्येच उघडला आणि तिथून चालत चालत खाली उतरला, वाटेत प्रत्येक भावाला सौदे झाले, डावी गॅपही त्याच दिवसात भरून गेली.

त्याहून मोठी उणीव गॅपच्या आधी होती. ३० मे पर्यंत निफ्टी सलग पाच दिवस उतरत होता. ३ जूनची गॅप धावून दमलेल्या तेजीच्या टोकावर पडलीच नव्हती. ती एका अंदाजाची गॅप होती आणि दुसऱ्या दिवशी अंदाज चुकला. जिथे दमायला कोणी धावलेलंच नाही तिथे एक्झॉशन कसली? ७ जूनला निफ्टी २३,२९० ला, म्हणजे ३ जूनच्या बंद भावाच्या वर बंद झाला आणि २७ सप्टेंबर २०२४ ला २६,२७७ पर्यंत गेला. ४ तारखेला "तेजी संपली" म्हणून ज्यांनी सगळं विकलं, त्यांनी दोन तपासण्या केल्या असत्या तर तो माल हातात राहिला असता: आधी धाव होती का, आणि दोन्हीकडे रिकामी जागा एकाच पट्ट्यात आहे का.

तुमच्या शेअरबाबत आणखी एक तपासणी फार गरजेची आहे, कारण साखरेतले बरेच शेअर्स लहान आहेत. त्याला ५ टक्क्यांचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून जास्त हलू न देणारी मर्यादा, आहे का ते बघा. अशा शेअरमध्ये तेजीत रोज सकाळी अप्पर सर्किट लागतं, विकणारा नसतो, दिवसभराचा ओपन, हाय, लो, क्लोज एकच. चार्टवर रोज गॅप दिसते. मग एक दिवस लोअर सर्किट लागतं आणि चित्र हुबेहूब आयलंडसारखं होतं. पण तिथल्या गॅपा सर्किटच्या नियमाने पडतात, गर्दीच्या घाईने नाही, आणि वर अडकलेल्यांची संख्याही नगण्य असते कारण तिथे माल मिळतच नव्हता. त्यावर वरचं काहीच लावू नका. धोका मात्र तिथे जास्त आहे: लोअर सर्किट लागलं की विकायला घेणारा मिळत नाही.

तसंच लाभांशाची एक्स-डेट. मोठा लाभांश असेल तर त्या सकाळी भाव तेवढ्याने खाली उघडतो आणि बोनस-स्प्लिटसारखी त्याची दुरुस्ती बहुतेक चार्टवर केलेली नसते. उजवी गॅप पाच रुपयांची आणि लाभांश सहा रुपयांचा, असं असेल तर ते आयलंड नव्हे. फ्युचर्सचा सलग चार्ट बघत असाल तर महिन्याच्या एक्स्पायरीला एक सीरिज संपून दुसरी जोडली जाते तिथेही खोटी गॅप दिसते. म्हणून कॅशचाच चार्ट बघा. आणि पंधरा मिनिटांच्या चार्टवर आयलंड शोधू नका. रात्रीमुळे तिथे जवळजवळ रोज सकाळी गॅप पडते, आठवड्याला एक बेट सापडेल. दिवसाच्या चार्टवर मात्र ते खरोखर दुर्मीळ आहे. मी रोज संध्याकाळी दीड-दोनशे चार्ट चाळतो, सगळ्या अटी पूर्ण करणारी आयलंडं वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात. भाव सहसा दिवसाउजेडी, सौदे होत होत फिरतो. गर्दीचं मन रात्रीत फिरावं आणि नेमकं ज्या पट्ट्यातून ती उडी मारून वर गेली त्याच पट्ट्यातून उडी मारून खाली यावी, हा योग फार कमी वेळा येतो.

तळाला हेच उलटं वाचायचं. एक फरक मला जाणवलाय: वरचं आयलंड मोडताना दुसऱ्या गॅपला व्हॉल्यूम बेताचा असला तरी भाव स्वतःच्या वजनाने पडतो, तळाला मात्र वरच्या दिशेच्या दुसऱ्या गॅपला दणदणीत व्हॉल्यूम हवाच, नाहीतर ती उसळी दोन दिवसांत विरते.

आता तुमच्याकडे. परवाचा हाय आणि कालचा लो, हे दोन आकडे आज वहीत लिहा. कालचा बंद भाव दिवसाच्या रेंजच्या खालच्या तिसऱ्या भागात असेल, व्हॉल्यूम महिन्याच्या सरासरीच्या तीन-चार पट असेल आणि या धावेतली ही दुसरी-तिसरी गॅप असेल, तर एक तृतीयांश माल काढायला माझी हरकत नाही. बंद भाव वरच्या अंगाला असेल तर काही करू नका. पुढचे तीन-चार दिवस कालचा हाय बंद भावाने ओलांडला जातो का ते बघा. ओलांडला तर मित्रांना सांगा की ही रनअवे होती, आणि मग कालच्या लोखाली दिवस बंद झाला तरच हलायचं. नाही ओलांडला आणि भाव चालत चालत खाली येऊन परवाच्या हायखाली बंद झाला, तर गॅप भरली, एक्झॉशन होती. आयलंड नसलं तरी आणखी एक तृतीयांश काढा. आणि एखाद्या सकाळी तो त्या रिकाम्या पट्ट्यावरून सरळ खाली उघडला, तर अर्धा तास थांबा, कालच्या लोच्या वर परत येतो का बघा. नाही आला तर उरलेलं सगळं त्याच सकाळी विका, आणि शेवटची धाव जिथून निघाली त्या भावाला मोबाइलमध्ये अलर्ट लावून ठेवा.